पॅडलची सर्व्हिस: चेंडू कमरेखाली, नजर काचेवर

टेनिस खेळून आलेला माणूस पॅडलच्या कोर्टवर पहिल्यांदा सर्व्हिसला उभा राहिला की त्याचा डावा हात आपोआप वर जातो. चेंडू उंच उडवायचा, टाचा उचलायच्या, पाठीची कमान करायची आणि सगळं अंग त्या एका फटक्यात ओतायचं, ही त्याच्या अंगवळणी पडलेली गोष्ट असते. इथे मात्र त्याला सांगतात की चेंडू वर उडवायचा नाही, खाली टाकायचा. तो टप्पा घेऊन वर आला की कमरेच्या वर जाऊ न देता खालच्या हाताने मारायचा. पाय जमिनीवरच ठेवायचा. आणि तो पडला पाहिजे तिरप्या समोरच्या चौकटीत. ऐकणाऱ्याला वाटतं, एवढं सगळं काढून घेतल्यावर सर्व्हिसमध्ये उरलं काय?

उरतं ते बरंच आहे, आणि ते वेगळ्या जातीचं आहे. मुंबई-पुण्यात गेल्या काही वर्षांत पॅडलची कोर्टं दिसू लागली आहेत. तिथे नव्याने खेळणारे बहुतेक जण सर्व्हिस ही एक औपचारिकता समजतात: चेंडू कसाबसा पलीकडे टाकायचा आणि खऱ्या खेळाला लागायचं. मला हे पटत नाही. पॅडलच्या सर्व्हिसचे नियम एकेक करून नीट पाहिले, आणि विशेषतः कोर्टच्या कडेला काच कुठे संपते आणि तारेची जाळी कुठे सुरू होते हे मोजून पाहिलं, की या मवाळ दिसणाऱ्या फटक्यात किती विचार दडला आहे ते कळतं.

आधी जागा समजून घेऊ. पॅडलचं कोर्ट 20 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद असतं, आणि ते चारही बाजूंनी बंद असतं. खेळ जवळजवळ नेहमी चौघांचा, दोनविरुद्ध दोन. मेक्सिकोतल्या आकापुल्को इथे एनरिके कोर्कुएरा यांनी 1969 च्या सुमारास आपल्या घरी भिंतींनी वेढलेलं कोर्ट बांधलं, तिथून हा खेळ सुरू झाला. 1974 मध्ये आल्फोन्सो द होहेनलोहे यांनी तो स्पेनमधल्या मार्बेयाला नेला, लगेच पाठोपाठ तो अर्जेंटिनात पोचला, आणि आजही या खेळातले बहुतेक मोठे खेळाडू याच दोन देशांतून येतात. भिंती मात्र पहिल्या दिवसापासून खेळाचा भाग आहेत. चेंडू जमिनीवर एक टप्पा घेऊन भिंतीला लागला तरी तो जिवंत असतो, भिंतीवरून परत आल्यावर मारता येतो.

आता या पेटीच्या कडांकडे बारकाईने बघायला हवं, कारण सर्व्हिसची सगळी गंमत तिथे आहे. दोन्ही टोकांच्या भिंती काचेच्या असतात, 3 मीटर उंच, आणि त्यावर आणखी मीटरभर जाळी. काच तिथेच थांबत नाही. कोपऱ्यातून वळून ती बाजूच्या भिंतीवरही 4 मीटर पुढे येते. पहिले 2 मीटर ती 3 मीटर उंच असते, पुढचे 2 मीटर ती 2 मीटर उंच. त्यानंतर काच संपते आणि मधल्या नेटपर्यंत बाजूला फक्त तारेची जाळी असते. कोर्टची अर्धी बाजू 10 मीटर लांब, त्यातले मागचे 4 मीटर काच, म्हणजे नेटपासून पहिले 6 मीटर जाळी. हा 6 चा आकडा लक्षात ठेवावा, पुढे तो कामाला येणार आहे. (गोंधळ नको म्हणून या लेखात मधल्या जाळीला मी नेट म्हणतो आणि जाळी हा शब्द बाजूच्या तारेच्या कुंपणासाठी ठेवतो.)

नेटपासून 6.95 मीटरवर दोन्ही बाजूंना एकेक आडवी रेष असते, ती सर्व्हिस लाइन. नेटपासून या रेषेपर्यंतचा भाग मधल्या उभ्या रेषेने दोन समान चौकटींत वाटलेला असतो. प्रत्येक चौकट 5 मीटर रुंद आणि 6.95 मीटर लांब. हाच सर्व्हिस बॉक्स. ही मधली रेष सर्व्हिस लाइनच्या मागेही 20 सेंटिमीटर येते, म्हणजे सर्व्हिस करणाऱ्याला आपली हद्द कुठे संपते ते दिसावं.

सर्व्हिस करणारा आपल्या सर्व्हिस लाइनच्या मागे उभा राहतो, दोन्ही पाय रेषेच्या मागे. एका बाजूला बाजूची भिंत आणि दुसऱ्या बाजूला मधली रेष मनाने मागे वाढवली तर जी हद्द होईल ती, या दोन्हींच्या मध्ये त्याने असलं पाहिजे. चेंडूचा टप्पाही त्याने इथेच, याच पट्ट्यात पाडायचा. रॅकेट चेंडूला लागेपर्यंत पायाने रेष शिवायची नाही, मधली हद्द ओलांडायची नाही, चालत किंवा धावत येऊन मारायचं नाही, उडी घ्यायची नाही. पावलांची किरकोळ हालचाल चालते, पण चेंडू मारताना निदान एक पाय जमिनीला टेकलेला हवा. आणि त्या क्षणी चेंडू कमरेच्या उंचीवर किंवा त्याखाली हवा.

गेमची पहिली सर्व्हिस उजवीकडून. चेंडू नेटवरून तिरपा जाऊन प्रतिस्पर्ध्यांच्या बाजूच्या, सर्व्हिस करणाऱ्याला डावीकडे दिसणाऱ्या चौकटीत पडायला हवा. पुढचा पॉइंट डावीकडून, मग पुन्हा उजवीकडून, असं आलटून पालटून. रेषेवर पडलेला चेंडू आतच धरतात. पहिली सर्व्हिस चुकली तर दुसरी संधी मिळते, तीही चुकली तर पॉइंट गेला. दुसऱ्या सर्व्हिसला नियमांत काहीही सूट नसते.

कमरेचा नियम वादाला सगळ्यात जवळचा. क्लबमध्ये पंच नसतो, आणि कंबर म्हणजे नेमकी कुठली उंची यावर चौघांची चार मतं असू शकतात. पण या नियमाचं बरंचसं उत्तर टप्प्याच्या नियमातच आहे, आणि ते फार थोड्या लोकांच्या लक्षात येतं. पॅडलचा चेंडू दिसायला टेनिससारखाच, पण आतला दाब थोडा कमी. त्याची कसोटी अशी असते की 2.54 मीटर उंचीवरून कठीण जमिनीवर सोडला तर तो 135 ते 145 सेंटिमीटर वर यायला हवा. म्हणजे जेवढ्या उंचीवरून सोडाल त्याच्या साधारण 55 टक्के तो परत येतो. मध्यम उंचीच्या माणसाने हात पुढे करून खांद्याच्या पातळीवरून, समजा 1.4 मीटरवरून, चेंडू नुसता सोडला तर तो 77 सेंटिमीटरच्या आसपास येऊन थांबतो आणि पुन्हा खाली जाऊ लागतो. त्या माणसाची कंबर मीटरभर उंचीवर असते. चेंडू नुसता सोडला तर तो कमरेवर जाऊच शकत नाही.

मग उंच चेंडू मारल्याची तक्रार येते कुठून? चेंडू सोडण्याऐवजी जमिनीवर आपटला तर. आपटलेला चेंडू छातीपर्यंत येतो, आणि मारणाऱ्याला तिथून सपाट, जोरकस फटका मारायचा मोह होतो. त्यामुळे समोरच्याची सर्व्हिस संशयास्पद वाटत असेल तर त्याच्या कमरेकडे टक लावून बघण्यापेक्षा त्याच्या रिकाम्या हाताकडे बघावं. हात चेंडू सोडतोय की खाली झटका देतोय, एवढं पाहिलं तरी निम्मा निकाल लागतो. दुसरी खूण रॅकेटची. चेंडू खरोखर कमरेखाली असेल तर सरळ उभ्या माणसाच्या रॅकेटचं डोकं फटक्याच्या वेळी मनगटापेक्षा खाली किंवा फार तर बरोबरीला असतं. ते मनगटाच्या वर गेलेलं दिसलं तर चेंडू बहुधा वरच होता. ही खूण नियमात नाही, पण डोळ्यांना ती कमरेपेक्षा लवकर दिसते.

सर्व्हिस करणाऱ्यासाठी यातून निघणारी गोष्ट साधी आहे. चेंडू पुढच्या पायाच्या किंचित बाहेरच्या बाजूला सोडावा, तो वर येऊन क्षणभर रेंगाळतो तिथे किंवा खाली वळू लागताच मारावा. उंची दर वेळी तीच मिळते, त्यामुळे फटकाही तोच राहतो. सर्व्हिस चुकण्याची कारणं शोधली तर पुष्कळदा ती रॅकेटच्या हातात नसून चेंडू सोडणाऱ्या हातात सापडतात: एकदा पायाजवळ पडला, एकदा लांब, एकदा रेषेच्या पुढेच.

कमरेखालून मारल्याने वेगाचं नेमकं काय होतं, याचा हिशोब शाळेतल्या भौतिकशास्त्राने करता येतो. नेट मध्यभागी 88 सेंटिमीटर उंच असतं, टोकांना जास्तीत जास्त 92. समजा चेंडू 90 सेंटिमीटर उंचीवर मारला. म्हणजे नेटच्या माथ्याच्या जवळपास बरोबरीने. टेनिसमध्ये चेंडू पावणेतीन-तीन मीटर उंचीवरून मारतात, त्यामुळे तो वरून खाली झेपावत जातो आणि तरीही नेट चुकवून चौकटीत पडतो. इथे तसा उतार मिळतच नाही. चेंडूला आधी थोडं वर चढून नेट ओलांडावं लागतं, आणि मग पुढच्या सात मीटरच्या आत जमिनीवर यावं लागतं. खाली आणण्याचं काम गुरुत्वाकर्षण करतं, आणि त्याला वेळ लागतो. हवेचा अडथळा आणि फिरकी बाजूला ठेवून मी गणित मांडलं: सर्व्हिस लाइनच्या मागून तिरपा मारलेला, नेटला जेमतेम चुकवून चौकटीच्या खोल भागात पडणारा चेंडू जमिनीपर्यंत पोचायला निदान 0.7 सेकंद घेतो. अंतर 14 मीटरच्या थोडं वर. म्हणजे ताशी साधारण 75 किलोमीटर. यापेक्षा जोरात मारलेला सपाट चेंडू एकतर नेटमध्ये जाईल किंवा सर्व्हिस लाइनच्या पलीकडे पडेल. फिरकीने ही मर्यादा थोडी पुढे-मागे होते, पण दंडातली ताकद वाढवून ती ओलांडता येत नाही. व्यावसायिक टेनिसमध्ये ताशी 200 किलोमीटरच्या पुढच्या सर्व्हिस रोजच्या असतात. पॅडलमध्ये उंची आणि नेट मिळून ते दार बंद करतात.

तर सर्व्हिस वेगाने जिंकता येत नाही. मग ती कशासाठी करायची? पॅडलमध्ये नेटजवळची जागा ही खेळाची गादी असते. जी जोडी नेटपासून दोन-तीन मीटरवर उभी असते ती वरून फटके मारते. जी मागे काचेजवळ असते ती बचाव करते. पॉइंट सुरू होताना सर्व्हिस करणाऱ्याचा जोडीदार आधीच नेटजवळ जाऊन उभा असतो. सर्व्हिस करणारा एकटा सात मीटर मागे असतो. चेंडू मारताच त्याला चार-पाच मीटर पुढे धावून जोडीदाराच्या ओळीत जायचं असतं, आणि समोरचा परतीचा फटका मारेल त्या क्षणी पाय स्थिर करून तयार असायचं असतं. सर्व्हिस या धावेसाठी वेळ विकत घेते. समोरच्याला अशा ठिकाणी चेंडू द्यायचा की त्याचा परतीचा फटका धारदार निघू नये, आणि तेवढ्यात आपण गादीवर पोचावं.

यावर कोणी म्हणेल, मग सर्व्हिस जितकी संथ तितकी चांगली, धावायला जास्त वेळ मिळेल. पण तसं होत नाही. ताशी पन्नासेक किलोमीटरने मारलेला चेंडू पोचायला पूर्ण सेकंद घेतो खरा, पण तो हवेत उंच कमान घेऊन जातो, नेटवरून पाऊण मीटर वर असतो, आणि पडल्यावर जवळजवळ मीटरभर उसळतो. समोरच्याच्या कमरेला, आरामात. तो तिथून हवं ते करतो: पायाशी मारतो, दोघांच्या मधून मारतो, नाहीतर डोक्यावरून लॉब टाकून दोघांनाही मागे पळवतो. तेच गणित 0.7 सेकंदाच्या चेंडूला लावलं तर उसळी 60 सेंटिमीटरच्या आसपास येते, समोरच्याला गुडघ्यात वाकून खालून उचलावं लागतं. पण मग धावायला वेळ कमी. चांगला खेळाडू या दोहोंच्या मध्ये जागा शोधतो, आणि ती शोधायला त्याच्याकडे दोन साधनं असतात: रॅकेटने चेंडूखालून आणि बाजूने कापून दिलेली फिरकी, आणि काच.

फिरकीने चेंडू जमिनीवरून कमी उसळतो, म्हणून मध्यम वेगातही तो खाली राहतो. उजव्या हाताने कापलेला चेंडू हवेत मारणाऱ्याच्या डावीकडे वळतो. उजवीकडून सर्व्हिस करताना डावीकडे म्हणजे समोरच्या चौकटीच्या बाहेरच्या कडेकडे, थेट काचेकडे. डावीकडून करताना तोच चेंडू मधल्या रेषेकडे वळतो, काचेपासून दूर. डावखुऱ्याचं बरोबर उलट. म्हणून उजव्या हाताच्या खेळाडूची उजवीकडची सर्व्हिस आणि डावीकडची सर्व्हिस या दोन वेगळ्या सर्व्हिस असतात, आणि दोन्ही बाजूंनी एकच फटका मारू पाहणारा डावीकडून नेहमी अडतो.

आता काचेकडे वळू, आणि त्या 6 च्या आकड्याकडे. नियम असा: सर्व्हिसचा चेंडू चौकटीत टप्पा घेऊन काचेला लागला तर तो चांगला. पण टप्पा घेऊन, दुसरा टप्पा पडायच्या आत तारेच्या जाळीला लागला तर फॉल्ट. खेळ सुरू झाल्यावर हा भेद राहत नाही. तेव्हा समोरच्या बाजूला टप्पा घेऊन जाळीला लागलेला चेंडू अगदी वैध असतो आणि तो कुठे उडेल याचा भरवसा नसल्याने मारणाऱ्याला लाभही देतो. सर्व्हिसमध्ये मात्र हा लाभ काढून घेतलेला आहे. मला हा नियम अत्यंत न्याय्य वाटतो. काचेवरून चेंडू कॅरमच्या सोंगटीसारखा कोनाचा हिशोब पाळून परततो, सराव असलेला माणूस तो आधीच ओळखू शकतो. तारेच्या जाळीवर तसा हिशोबच नसतो, आणि पॉइंटची सुरुवात अशा नशिबावर होऊ नये.

सर्व्हिस बॉक्स नेटपासून 6.95 मीटरपर्यंत. काच नेटपासून 6 मीटरवर सुरू होते. म्हणजे चौकटीच्या बाहेरच्या कडेला फक्त शेवटचे 95 सेंटिमीटर काचेला लागून आहेत, बाकी सहा मीटर जाळीला. काचेवर सर्व्हिस मारू पाहणाऱ्याने चेंडू खोल टाकायलाच हवा. किती खोल, ते एका सर्व्हिसने पाहू.

सर्व्हिस करणारा उजव्या बाजूला, मधल्या रेषेपासून अर्ध्या मीटरवर, सर्व्हिस लाइनच्या पाव मीटर मागे उभा आहे. त्याला चेंडू समोरच्या चौकटीत बाहेरच्या भिंतीपासून 70 सेंटिमीटरवर पाडायचा आहे. चेंडू सरळ रेषेत जातो असं धरू, वळणारी फिरकी क्षणभर विसरू. तो नेटपासून 6.2 मीटरवर पडला तर आपल्या तिरप्या दिशेने आणखी सुमारे 2 मीटर पुढे जाऊन भिंतीला लागेल, म्हणजे नेटपासून 8 मीटरच्या थोडं पुढे. तिथे भक्कम काच आहे. चेंडू बाजूच्या काचेवरून मागच्या काचेकडे सरकतो, आणि समोरच्याला कोपऱ्यात वळून खेळावं लागतं. उत्तम सर्व्हिस.

तोच चेंडू थोडा आखूड पडला, 4.5 मीटरवर. आता तो नेटपासून 6.2 मीटरवर भिंतीला लागतो. काच आहे, पण वीतभरच. आणखी आखूड, 3.5 मीटरवर पडला, तर भिंतीशी गाठ 5 मीटरच्या जवळ. तिथे जाळी. चेंडू चौकटीत पडला होता, मधून गेला होता, सगळं व्यवस्थित दिसलं होतं, आणि तरी फॉल्ट. नव्या खेळाडूला हा फॉल्ट सर्वात जास्त खटकतो, कारण "चेंडू आत तर पडला!" असं त्याला वाटत राहतं.

आता जागा बदलू. तोच खेळाडू मधल्या रेषेजवळून हलून बाजूच्या भिंतीजवळ, तिच्यापासून अर्ध्या मीटरवर उभा राहिला. तिथून समोरच्या बाहेरच्या कोपऱ्याकडची दिशा फार तिरपी होते. त्याने 4.5 मीटरवर, भिंतीपासून त्याच 70 सेंटिमीटरवर चेंडू पाडला, तर आता तो 5.4 मीटरच्या आसपास भिंतीला लागेल. मघाशी हाच टप्पा काचेला लागत होता, आता जाळीला लागला. त्याला काच हवी असेल तर टप्पा आणखी खोल, 5 मीटरच्या थोडं पलीकडे न्यायला हवा. चुकीला जागा कमी उरते. फिरकीने चेंडू भिंतीकडे वळत असेल तर हा कोन आणखी तिरपा होतो आणि जागा आणखी आक्रसते. कापून सर्व्हिस करणारा थोडासा आखूड पडताच जाळीत का सापडतो, त्याचं कारण हेच.

मधल्या रेषेजवळ उभं राहण्याचा आणखी एक फायदा असा की तिथून नेटजवळच्या आपल्या जागेवर जायला अंतर कमी, आणि मधला रस्ता उघडा राहत नाही. पण म्हणून कायम तिथेच उभं राहावं असंही नाही. भिंतीजवळून मधल्या रेषेवर मारलेली सर्व्हिस समोरच्याच्या डाव्या-उजव्याचा अंदाज चुकवते. दर वेळी काचेचाच प्रयत्न करणारा खेळाडू लवकर ओळखू येतो. समोरचा एक पाऊल बाहेर सरकून चेंडू काचेला लागायच्या आतच मारतो. टप्पा पडल्यानंतर त्याने चेंडू लगेच मारायचा की काचेवरून परत येऊ द्यायचा हे तोच ठरवतो, नियम त्याला दोन्ही मुभा देतो. फक्त टप्पा पडायच्या आधी मारायची मुभा नाही. सर्व्हिस हवेतच मारली, किंवा टप्प्याआधी ती त्याच्या अंगाला वा रॅकेटला लागली, तर पॉइंट सर्व्हिस करणाऱ्याचा. त्याने उभं कुठे राहायचं यावर मात्र बंधन नाही.

नेटला घासून गेलेल्या चेंडूचा नियमही काच आणि जाळीच्या याच भेदावर बेतलेला आहे. सर्व्हिस नेटला लागून चौकटीत पडली आणि पुढे जाळीला लागली नाही, तर लेट: ती सर्व्हिस पुन्हा करायची. पहिली असेल तर पहिली, दुसरी असेल तर दुसरी. पण नेटला लागून, चौकटीत पडून, दुसऱ्या टप्प्याआधी ती जाळीला लागली तर लेट नाही, फॉल्ट. क्लबमध्ये नेटचा आवाज आला की चौघंही एकदम "लेट" म्हणून थांबतात आणि चेंडू पुढे कुठे गेला ते कोणी बघतच नाही. नेटला लागलेला चेंडू तिरपा, आखूड आणि हळू पडतो, त्यामुळे बाजूच्या जाळीकडे जाण्याची शक्यता त्याचीच जास्त. आवाज आल्यावरही नजर चेंडूवरून काढायची नाही. आणि सर्व्हिस नेटजवळ उभ्या असलेल्या आपल्याच जोडीदाराला लागली तर तोही फॉल्टच, म्हणून जोडीदार सर्व्हिसच्या वाटेतून नीट बाजूला उभा राहतो किंवा वाकतो.

काही स्पर्धांत 40-40 झाल्यावर ॲडव्हान्टेज न खेळता एकाच पॉइंटवर गेमचा निकाल लावतात. सर्व्हिस कोणत्या बाजूने घ्यायची हे तेव्हा परतवणारी जोडी ठरवते. आता ते काय बघतात, याचा अंदाज वाचकाला करता येईल. समोर उजव्या हाताचा, कापून सर्व्हिस करणारा असेल तर त्याची काचेकडे वळणारी सर्व्हिस उजवीकडून येते. ती टाळायची तर त्याला डावीकडे पाठवायचं, जिथे त्याची फिरकी काचेपासून दूर नेते. पण परतवणाऱ्यांतला जास्त भरवशाचा खेळाडू ज्या चौकटीत उभा आहे ती दुसरीच असेल, तर हिशोब बदलतो, कारण त्या दोघांना बाजू अदलाबदल करता येत नाही. सर्व्हिस करणाराही थांबून ऐकतो, बाजू कळली की पाय ठेवायची जागा ठरवतो. डावीकडून मारायची झाली तर पुष्कळ जण फिरकीचा नाद सोडतात, चेंडू सपाट आणि खोल, मधल्या रेषेजवळ टाकतात. समोरच्याला तिथून कोन मिळत नाही, आणि पुढे धावायला त्यांना तेवढा एक सेकंद पुरतो.